५२० मुलांच्या शाळेला संडास, मुताऱ्या आणि बेसिन नक्की किती लागतात?

होटगीरोडकर
मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मुलगी ज्या शाळेत आहे तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर यंदा पालक म्हणून माझी वर्णी लागलीय. शाळेचं नाव घेत नाही, सोलापुरातलीच आहे. पाचवी ते दहावी, पटावर ५२० मुलं. त्यात २८० मुलगे, २४० मुली.

माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने पाच लाख देऊ केलेत आणि ते स्वच्छतागृहावरच खर्च करायचेत. मिस्त्री म्हणतो एवढ्यात चार संडास निघतील. मुख्याध्यापक म्हणतात, "आपल्याकडे आहेत तेच पुष्कळ, दोन वाढवा आणि उरलेल्या पैशात व्यासपीठावर शेड टाका." मला शेडचं वावडं नाही, पण "पुष्कळ" म्हणजे किती ते कुणी सांगेना. याला काही हिशेब असतो की अंदाजपंचे?

सध्या मुलींकडे ४ संडास आहेत. मुलग्यांकडे ३ संडास आणि भिंतीलगत एक लांब मुतारी. हात धुवायला चार नळ.

कडकभाकरी
मंगळवार, रात्री ९:३०

आमच्या वेळी शाळेमागची बाभूळ होती. क्षमता अमर्याद, पाण्याचा खर्च शून्य.

एमआयडीसीवाला
मंगळवार, रात्री ९:४१

सोपं आहे ओ. पंचवीस माणसांमागे एक संडास. ५२० भागिले २५, म्हणजे २१. एवढे बांधा, विषय संपला. आमच्या ऑफिसचा नकाशा मंजूर करताना हाच आकडा लावला होता.

सातरस्ता_७८
मंगळवार, रात्री ९:५८

चांगला विषय काढलात. गड्ड्याच्या वेळी होम मैदानाच्या आसपास बायकांचे काय हाल होतात ते कुणी तरी लिहायलाच हवं. गेल्या जानेवारीत माझ्या बहिणीला मैदानापासून पार पार्क चौकापर्यंत चालत जावं लागलं. यात्रेला येणाऱ्या लाखभर लोकांना किती लागतात हो?

होटगीरोडकर
मंगळवार, रात्री १०:०५

@सातरस्ता_७८ विषय शाळेचा आहे दादा. यात्रेचा वेगळा धागा काढा, तिथे येतो मी.

नकाशेवाला
मंगळवार, रात्री ११:२०

पस्तीस वर्षं नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे राहवत नाही.

एमआयडीसीवाल्यांचा आकडा खरा आहे, पण तो ऑफिसातल्या पुरुषांचा. राष्ट्रीय इमारत संहितेत ऑफिससाठी पुरुषांना २५ मागे एक आणि बायकांना १५ मागे एक धरतात. शाळेचं कोष्टक निराळं. मुलगे आणि मुली आधी वेगळे काढायचे आणि मग भागायचं. एकूण डोकी भागली की तिथेच चूक होते.

दिवसाच्या शाळेला मुलग्यांना ४० मागे एक संडास, शिवाय २० मागे एक मुतारी. मुलींना २५ मागे एक संडास. हात धुवायला मुलग्यांना ६० मागे एक बेसिन, मुलींना ४० मागे एक. भागाकारात बाकी उरली की पुढचा पूर्ण आकडा घ्यायचा, मागचा नाही. तुमच्या शाळेला लावून बघा:

मुली २४०, भागिले २५, ९.६, म्हणजे १० संडास. मुलगे २८०, भागिले ४०, बरोबर ७ संडास. मुताऱ्या १४. बेसिन मुलींकडे ६, मुलग्यांकडे ४.६६ म्हणून ५.

शिक्षक यात धरायचे नाहीत. त्यांना ऑफिसचं कोष्टक लागतं आणि त्यांची सोय वेगळी असावी. किती आहेत ते सांगा.

आणि त्या लांब मुतारीला मुख्याध्यापक "एक" म्हणत असतील. ती एक नसते. फुटपट्टी लावा, साधारण दोन फुटाला एक जागा धरा.

एमआयडीसीवाला
बुधवार, सकाळी ७:५०

म्हणजे १० अधिक ७, एकूण १७. मी २१ म्हणालो होतो. माझे चार जास्तच निघाले की. नको तर सोडा.

नकाशेवाला
बुधवार, सकाळी ८:१५

जास्त निघाले, पण मुलींसाठी किती ते तुमच्या २१ मधून कळत नाही. तो कंत्राटदार मुलग्यांकडे ११ आणि मुलींकडे १० काढून मोकळा होईल, आणि मुताऱ्या विसरेल. मुलग्यांची खरी गर्दी मुतारीवर असते. मुतारी कमी पडली की तीच पोरं संडासात शिरतात आणि भांड्याच्या कडेला सगळं ओलं. मग ज्याला खरंच बसायचंय तो पोरगा घरी जाईपर्यंत दाबून ठेवतो.

होटगीरोडकर
बुधवार, रात्री ८:४०

आज अर्धा दिवस रजा टाकून शाळेत गेलो. मुतारी सोळा फूट भरली, म्हणजे ८ जागा. हव्यात १४. शिक्षक १८ आहेत, ११ बाई आणि ७ सर, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच संडास.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मुलींच्या चारपैकी एकाला कुलूप. विचारलं तर "पाहुणे आले तर असावं म्हणून". किल्ली शिपाईकाकांकडे, आणि शिपाईकाका बँकेत. दुसऱ्याच्या दाराची कडी तुटलेली, मैत्रीण बाहेर दार धरून उभी असेल तरच कुणी आत जातं. म्हणजे चालू दोनच.

२४० मुलींना २.

वळसंगकर_बाई
बुधवार, रात्री ९:३०

मी मुलींच्या शाळेत २२ वर्षं शिकवते. तुमचं वाचून नवल वाटलं नाही.

नकाशेवाल्या काकांचा हिशेब कागदावर ठीक आहे. मला सुट्टीची घंटा जास्त महत्त्वाची वाटते. ऑफिसात माणूस वाटेल तेव्हा उठून जातो. शाळेत सगळ्यांनी एकाच दहा मिनिटांत जायचं असतं, कारण तासाला हात वर केला की आमच्यातलेच काही म्हणतात, "सुट्टीत काय करत होतीस?"

मी एकदा घड्याळ लावून उभी राहिले होते. दार लावणं, पंजाबी ड्रेसची नाडी, डबा भरून पाणी टाकणं, सगळं धरून मुलीला दीड मिनिट लागतं. छोट्या सुट्टीचे दहा मिनिटं. एका संडासात सहा-सात मुली होतात. तुमच्या दोन चालू संडासांत दहा मिनिटांत तेरा. बाकीच्या २२७ मुलींनी काय करायचं?

त्या काय करतात ते मी सांगते. पाणी पीत नाहीत. बाटली भरलेली आणतात आणि भरलेली परत नेतात. एप्रिलमध्ये सोलापूरच्या उन्हात चक्कर येऊन पडलेल्या मुलीला विचारलं तर सकाळपासून एक घोट घेतलेला नसतो. लघवीला जळजळ होते म्हणून आईला सांगायची लाज. पाळीच्या दिवसांत दीड मिनिटाचे चार-पाच होतात, तेव्हा तर त्या दिवशी शाळेलाच येत नाहीत.

आमच्याकडे हजेरीपत्रक नीट बघितलं तर मुलींची गैरहजेरी कशामुळे आहे ते कळतं. अर्थात बघायचं असेल तर.

कडकभाकरी
बुधवार, रात्री ९:४४

बाई, बाभळीचा विनोद मागे घेतो. आमच्या वर्गातल्या पोरी कुठे जायच्या हा प्रश्न तेव्हा पडलाच नव्हता. आत्ता पडला.

पाटबंधारे_निवृत्त
बुधवार, रात्री १०:१०

स्वच्छ विद्यालय मोहीम २०१४ साली आली तेव्हा आमच्या गावच्या शाळेचं काम मी बघितलं होतं. त्यातला नियम निराळा होता. ४० विद्यार्थ्यांमागे एक युनिट, आणि एका युनिटात एक संडास आणि तीन मुताऱ्या. मुलींनाही. त्या हिशेबाने तुमच्या मुलींना ६ संडास आणि १८ मुताऱ्या. दहा संडास बांधायची गरज नाही. नकाशेवाले जुना आकडा सांगताहेत.

नकाशेवाला
बुधवार, रात्री १०:३५

जुना नाही, दोन वेगवेगळे हिशेब आहेत. संहितेने मुलींच्या मुताऱ्या धरल्याच नाहीत, म्हणून तिथे संडास जास्त. स्वच्छ विद्यालयाने मुताऱ्या धरल्या, म्हणून संडास कमी. एकातले संडास आणि दुसऱ्यातल्या शून्य मुताऱ्या उचलल्या की सहावर काम भागतं असं वाटतं. ती चलाखी बऱ्याच ठिकाणी बघितलीय. सहा धरायचे असतील तर अठरा मुताऱ्याही बांधा.

वळसंगकर_बाई
बुधवार, रात्री १०:५०

मुलींच्या मुताऱ्या आमच्याकडे आहेत. कमरेएवढ्या भिंती, समोर पडदा नाही, दार नाही. पाचवी-सहावीच्या मुली जातात. आठवीपासून एकही मुलगी तिथे बसत नाही. तीन वर्षांत तिथे झाडू-बादल्या ठेवायला लागले. कागदावर मात्र आमची संख्या पूर्ण आहे.

पाटबंधारे_निवृत्त
बुधवार, रात्री ११:०२

दारं लावायची मग.

वळसंगकर_बाई
बुधवार, रात्री ११:०५

दार लावलं, पूर्ण भिंत घातली, पाणी दिलं, की भांडं बसवायचंच काय ते राहिलं. मग संडासच का नको?

पाटबंधारे_निवृत्त
बुधवार, रात्री ११:१५

जागा आणि पाणी दोन्ही कमी लागतं म्हणून. मुतारीला डबाभर पाणी पुरतं. लहान मुलींसाठी तरी उपयोग आहे, ते तुम्हीच वर म्हणालात.

धागेदोरे
गुरुवार, सकाळी ११:२५

मध्येच विचारते, माफ करा. माझं अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे. ३४ बायका, ६ पुरुष. वर ऑफिसचं १५ मागे एक लिहिलंय, म्हणजे मला बायकांसाठी ३ लागतील ना? सध्या २ आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत रांग लागते.

नकाशेवाला
गुरुवार, दुपारी १:३०

ताई, शिलाई युनिट ऑफिसात मोडत नाही. तुम्हाला कारखान्याचे नियम, तिथे भागाकार वेगळा. तुमच्या सल्लागाराकडून ते बघून घ्या. पण रांग लागते म्हणजे कमीच आहेत, त्याला कोष्टक कशाला? तिसरा बांधा. नाहीतर दोन ओळींना जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटं मागेपुढे द्या आणि रांग बघा.

धागेदोरे
गुरुवार, दुपारी १:४२

सुट्टी मागेपुढे! हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्यापासून करून बघते.

होटगीरोडकर
गुरुवार, रात्री ९:००

@नकाशेवाला काका, हे वाचून माझ्याही डोक्यात आलं. शाळेतही करता येईल? पाचवी ते सातवी आधी, आठवी ते दहावी नंतर?

नकाशेवाला
गुरुवार, रात्री ९:४०

येईल, आणि फुकट आहे. बाईंचं दीड मिनिट धरून हिशेब मांडू. छोटी सुट्टी १० मिनिटं, मोठी किती? ३० धरतो. दिवसाची ४० मिनिटं.

आज २ चालू संडासांत ४० मिनिटांत ५३ मुली होतात. मुली २४०. कडी बसवली आणि कुलूप काढलं की ४ होतात, १०६ मुली. एक विटही न लावता दुप्पट. पाच लाखांआधी हे करा.

आता सुट्टी दोन पाळ्यांत केलीत तर तेच ४ संडास दोनदा वापरात येतात. दिवसाला २१३ मुली. आणखी ४ बांधले की ८, म्हणजे दोन पाळ्यांत ४२६. प्रत्येक मुलीला दिवसातून एकदा नक्की, आणि बऱ्याच जणींना दोनदा. संहितेचे १० नाहीत हे, तरीही पुढे दोन बांधायचेच आहेत म्हणून जागा सोडून ठेवा. पण एकाच पाळीत १० असण्यापेक्षा दोन पाळ्यांत ८ असलेले रांगेच्या दृष्टीने बरे पडतात.

यातली मेख अशी की दीड मिनिट हा सरासरी आकडा आहे. रांगेतल्या चार जणींना पाच-पाच मिनिटं लागली की मागचं सगळं घसरतं. त्यामुळे आठवी ते दहावीच्या पाळीला थोडी जास्त वेळ द्या.

वळसंगकर_बाई
गुरुवार, रात्री १०:०५

आम्ही केलं होतं हे. एक अडचण सांगते. एका पाळीची सुट्टी चालू असताना दुसऱ्यांचा तास चालू असतो, आणि मैदानावरचा गोंगाट वर्गात येतो. सहामाहीनंतर शिक्षकांनीच बंद पाडलं. संडास मैदानाच्या पलीकडे असतील तर चालेल, वर्गांना लागून असतील तर भांडणं होतील.

नळजोडणी
गुरुवार, रात्री १०:३०

मी प्लंबर आहे, विजापूर रोडकडची बरीच कामं करतो. एवढी चर्चा झाली, पण पाणी कुणी विचारलं नाही. पाणी कितव्या दिवशी येतं तुमच्याकडे?

होटगीरोडकर
गुरुवार, रात्री १०:३८

चौथ्या दिवशी, तेही पहाटे. शाळेत खाली १० हजार लिटरचा हौद, गच्चीवर हजार-हजारच्या दोन टाक्या.

नळजोडणी
गुरुवार, रात्री ११:००

मग ऐका. दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरतात, त्यातले २० नुसते संडास-मुतारीत ओतायला. शिक्षक धरून तुम्ही ५३८ जण. म्हणजे फक्त ओतायला दिवसाला १०,७६० लिटर. तुमचा अख्खा हौद एका दिवसात संपला. पाणी चार दिवसांनी. पिणं, भांडी, हात धुणं धरलं तर चार दिवसांना ९६ हजार आणि वर.

पुस्तकातला आकडा आहे हे मान्य. डबा वापरणाऱ्या शाळेत तेवढं जात नाही. पण अर्धं धरलं तरी तुमचा हौद पुरत नाही. मी अशा दोन शाळा बघितल्यात जिथे नवे कोरे संडास सोमवार-मंगळवार चालतात आणि बुधवारी शिपाई कुलूप लावतो, कारण पाणी संपलं की साफ कोण करणार. म्हणजे तुमचे आठाचे पुन्हा शून्य.

पाच लाखांतले निदान दीड लाख साठवणीला ठेवा. फ्लशच्या टाक्या बसवू नका, पाणी कमी असलं की त्या आधी बिघडतात. प्रत्येक संडासात खाली नळ आणि दांड्याचा डबा. मुतारीच्या नळीत बोअरचं पाणी सोडत असाल तर ते जड आहे, लघवीचा क्षार आणि पाण्यातला चुना मिळून आतून दगड धरतो. पाणी हळू जायला लागलं आणि धुऊनही वास राहिला की समजायचं, नळी आतून निम्मी झालीय. सौम्य अ‍ॅसिडने निघतं. फक्त त्याच वेळी ब्लीचिंग पावडर टाकू नका, विषारी वायू होतो. एका शाळेत मावशींनी दोन्ही एकत्र टाकलं होतं, डोळे चोळत बाहेर पळाल्या.

कडकभाकरी
गुरुवार, रात्री ११:१२

उजनी भरलं की आपल्याला हौद भरल्यासारखं वाटतं. पण उजनी तिकडे आणि हौद इकडे.

एमआयडीसीवाला
शुक्रवार, सकाळी ८:०५

आणि बेसिन? ११ बेसिन बसवायची म्हणजे पाच लाखांतले किती गेले?

पाटबंधारे_निवृत्त
शुक्रवार, सकाळी ९:२०

बेसिन नकोतच. पोरं त्यावर लटकतात, पोषण आहाराचा भात आत टाकतात, सायफन तुंबतो. वीस-बावीस फुटांचा सिमेंटचा पन्हाळ करा, फरशी लावा, वरून एक पाइप, त्याला दोन फुटांवर एक असे अकरा नळ. स्वच्छ विद्यालयातही हेच सांगितलंय, दहा-बारा मुलांना एकदम हात धुता यावेत. नकाशेवाल्यांचा अकरा आणि आमचा दहा-बारा इथे तरी जुळला. पाचवीच्या पोराच्या हाताला येईल अशी उंची ठेवा, आणि सांडपाणी बाजूच्या झाडांना सोडा.

नकाशेवाला
शुक्रवार, सकाळी १०:००

हे मान्य. मी अकरा चिनी मातीची बेसिन लिहून दिली असती तर मिस्त्री हसला असता.

होटगीरोडकर
रविवार, दुपारी ४:१०

उशीर झाला, काल समितीची बैठक होती. आधी चांगलं सांगतो. पाहुण्यांचं कुलूप निघालं. मुख्याध्यापक जरा नाराज झाले, पण युडायसच्या फॉर्ममध्ये एकूण संडास आणि चालू संडास वेगळे भरायचे असतात, हे शाळेच्या क्लार्कनेच त्यांना सांगितलं. कडी मी स्वतः ऐंशी रुपयांची आणून बसवली. त्या दिवशीच्या मोठ्या सुट्टीत मुलीने सांगितलं, "बाबा, रांग संपली."

सुट्टी दोन पाळ्यांत करायला शिक्षक तयार नाहीत. बाई म्हणाल्या तेच कारण, संडास वर्गांना लागून आहेत. एक महिना फक्त छोटी सुट्टी मागेपुढे करून बघू एवढ्यावर थांबलंय.

पैशाचं ठरलं ते असं. मुलींकडे ३ नवे संडास, ३ बाय ४ फुटांचे, दारं बाहेर उघडणारी. मुलग्यांच्या मुतारीला १२ फूट वाढ, म्हणजे ८ च्या १४ जागा. अकरा नळांचा पन्हाळ. आणि १० हजारांचा आणखी एक हौद. शिक्षिकांचा संडास वेगळा हवा होता, तो मागे पडला. अकरा जणींना कोष्टकाने एकच लागतो, तरीही.

एक अडलंय. आमच्याकडे सहावीत एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर येतो. त्याच्यासाठी रुंद दाराचा एक संडास हवाच. तो मुलग्यांच्या ७ मध्ये धरायचा की ७ सोडून वेगळा? मिस्त्री म्हणतो, धरा.

नकाशेवाला
रविवार, संध्याकाळी ५:३०

त्याला वापरायला मोकळा मिळायचा असेल तर वेगळा धरा. सातात धरलात की सुट्टीत तिथेही रांग लागेल, आणि त्याला त्या रांगेत खुर्ची घेऊन थांबावं लागेल. तुमचे संडास तसेही तीनच आहेत, त्यामुळे सातात धरा काय आणि न धरा काय.

पाटबंधारे_निवृत्त
रविवार, संध्याकाळी ६:०५

वेगळा ठेवला की त्याला कुलूप लागतं आणि किल्ली शिपायाकडे जाते. मी तर म्हणेन धरा, म्हणजे उघडा राहील.

वळसंगकर_बाई
रविवार, रात्री ८:५०

त्या मुलालाच विचारलंत का कुणी?

होटगीरोडकर
रविवार, रात्री ९:१५

नाही. उद्या विचारतो.